सतरा वर्षांची बद्धकोष्ठता, न चढणारं हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचा वाढता डोस: यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो का?

शिप्राकाठची | १२ जून, रात्री १०:४०

विषय जरा संकोचाचा आहे, पण इथे टोपणनाव आहे म्हणून लिहितेय. वय ४१, उज्जैनला राहते, वजन ४७ किलो. साधारण चोविसाव्या वर्षापासून पोट साफ होत नाही. तीन दिवसांनी, कधी चार दिवसांनी जाणं, तेही खडा आणि कुंथून. जुलाब कधीच नाहीत. इसबगोल, त्रिफळा, एरंडेल, पाण्यात घालून प्यायची पावडर, सगळं झालंय. सत्ताविसाव्या वर्षापासून रोज दोन मोठे चमचे गव्हाचा कोंडा कणकेत मिसळतेय, एका डॉक्टरांनीच सांगितला होता.

नऊ वर्षांपासून थायरॉइडची गोळी आहे. सुरुवात ५० वर होती, मग ७५, १००, १२५, आणि आता १५० मायक्रोग्रॅम. तरी गेल्या महिन्यात टीएसएच ११ आला. हिमोग्लोबिन ८.९. सहा महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, ९.३ झालं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ४. पाळीमुळे असेल म्हणाले, पण पाळी काही फार जात नाही. बद्धकोष्ठतेचं कारण विचारलं की थायरॉइड आणि लोहाच्या गोळ्यांकडे बोट दाखवतात. पण पोटाचं दुखणं या दोन्ही गोळ्यांच्या आधीपासूनचं आहे.

प्रश्न असा की तीन दुखणी वेगवेगळी आहेत की एकच? भावजय म्हणाली 'फूड इन्टॉलरन्स'ची तपासणी करून घे.

---

वामकुक्षी | १२ जून, रात्री ११:०५

ताई, सकाळी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, रात्री दुधात चमचाभर तूप, भिजवलेल्या काळ्या मनुका. बैठक भारतीय हवी. कमोडने आपल्या पिढ्या बिघडवल्या. आणि कोंडा वाढवा, दोनाचे चार चमचे करा. मी ७२ वर्षांचा आहे, घड्याळ लावून जातो.

---

गव्हाळ_गणपत | १३ जून, सकाळी ७:२०

कोंडा वाढवू नका, गहूच सोडा! माझी कहाणी हुबेहूब अशी. गेल्या आषाढात गहू बंद केला आणि पंधरा दिवसांत पोट हलकं. हल्लीच्या गव्हावर माझा विश्वासच उरला नाही. तपासण्या वगैरे करत बसू नका, शरीर सांगतं ते ऐका. मी दोनशे पदार्थांचं पॅनेल केलं होतं, त्यात गहू, दूध, वांगं आणि चक्क मूग लाल आले.

---

पोटतिडीक | १३ जून, दुपारी २:१५

शिप्राकाठची, मी पोटाच्या विकारांची डॉक्टर आहे, नाशिकला असते. इथून निदान करता येत नाही. पण तुम्ही लिहिलेले आकडे वाचून एक तपासणी नक्की करून घ्यावी असं वाटतं.

आधी थायरॉइड. ग्रंथीने काम जवळजवळ बंद केलेल्या माणसालाही किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम पुरतात. ४७ किलोला ७५ झाले. तुम्ही त्याच्या दुप्पट घेता आणि तरी टीएसएच ११, अंगात थायरॉक्सिन कमी पडलं की तो चढतो. म्हणजे गोळी पोटात जातेय पण रक्तात पोचत नाही. याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे लोह किंवा कॅल्शियम त्याच सुमाराला घेणं, ते थायरॉक्सिनला चिकटून बसतं. तुम्ही या गोळ्या कधी कधी घेता?

तसं नसेल तर मग छोट्या आतड्याच्या सुरुवातीचा भाग नीट शोषून घेतोय का, हे पाहायला हवं. लोहही तिथेच शोषलं जातं. पोट साफ नाही, लोह गोळ्यांना दाद देत नाही, थायरॉइडचा डोस चढताच. ही तिन्ही एकाच माणसात दिसली की मी सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे छोटं आतडं खराब होण्याच्या रोगाची, रक्ततपासणी सांगते: टीटीजी आयजीए ही प्रतिपिंडं, आणि सोबत एकूण आयजीए. दुसरी अशासाठी की सीलिॲकच्या शंभरांतल्या दोन-तीन जणांच्या अंगात आयजीएच जवळजवळ नसतं. त्यांची पहिली तपासणी खोटीच नॉर्मल येते.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. गहू बंद केला की प्रतिपिंडं उतरू लागतात, आतडं भरून येऊ लागतं, आणि मग रोग होता की नव्हता हे कुणालाच सांगता येत नाही.

---

शिप्राकाठची | १३ जून, रात्री ९:३०

थायरॉइडची सकाळी सहाला नुसत्या पाण्याबरोबर. लोहाची रात्री जेवणानंतर. कॅल्शियम नाही. आम्लपित्ताची गोळीही नाही.

पण सीलिॲक म्हणजे ते जुलाब होऊन वाळत जाणारी मुलं ना? माझं तर बरोबर उलटं आहे.

---

लष्कराच्या_भाकऱ्या | १४ जून, सकाळी ११:००

आमचंही तेच मत होतं! यजमान फौजेत, आम्ही तेव्हा अंबाल्याला होतो. लेकीचं निदान नवव्या वर्षी झालं, जुलाब एक दिवस नाहीत. उंची खुंटली आणि तोंडात सतत फोड. लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंजाब-हरियाणात आम्ही हे रोज बघतो, तुमच्याकडे कुणाच्या लक्षात आलं नसतं.

---

पोटतिडीक | १४ जून, रात्री १०:२०

त्यांचं म्हणणं खरं आहे. २०१६ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरेत साधारण शंभरात एक आणि दक्षिणेत हजारात एक असं प्रमाण निघालं. दोन्हीकडे हा रोग होण्याला लागणारी जनुकं साधारण सारखीच होती. फरक होता ताटात: उत्तरेत माणशी दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू आणि दक्षिणेत पंचवीस. उज्जैनची मराठी माणसं माळव्याचा गहू दोन्ही वेळा खातात, त्यामुळे तुम्हाला उत्तरेच्या हिशेबात धरते.

आता उलटं का, त्याबद्दल. जुलाब हे पाठ्यपुस्तकातलं चित्र, पण मोठ्या माणसांत बरेच जण फक्त रक्तक्षय, हाडं ठिसूळ होणं किंवा यकृताचे आकडे वाढणं घेऊन येतात. काहींना बद्धकोष्ठता असते. वरचं आतडं खराब झालं की न पचलेलं अन्न, विशेषतः स्निग्धांश, खालच्या भागापर्यंत जातो. तिथून वरच्या आतड्याला 'हळू चल' असा संप्रेरकांचा निरोप येतो. अन्न तोंडापासून मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला उपचाराआधीच्या रुग्णांत जास्त वेळ लागतो, हे मोजलेलं आहे. त्यातून कुणाला जुलाब आणि कुणाला खडा का होतो, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

आणखी एक सांगते, नाहीतर उद्या सगळा महाराष्ट्र लॅबमध्ये उभा राहील. नुसत्या बद्धकोष्ठतेसाठी ही तपासणी सरसकट करायची गरज नाही. फक्त पोट साफ न होणाऱ्यांत सीलिॲक फारसं सापडत नाही. तुमच्या बाबतीत माझं लक्ष गेलं ते लोह आणि थायरॉइडमुळे.

---

तिरफळ | १५ जून, सकाळी ९:४५

खूप उपयोगी धागा. माझा मुलगा चार वर्षांचा, त्यालाही भयंकर बद्धकोष्ठता, रडतो बिचारा. दिवसाला जवळजवळ लिटरभर दूध पितो, जेवत नाही. त्याचाही गहू बंद करू का? आम्ही गोव्याचे, तसा भातच जास्त. आणि घरी आम्ही खपलीच आणतो, तो पचायला हलका असतो ना?

---

पोटतिडीक | १५ जून, दुपारी १:३०

तिरफळ, तुमच्या प्रश्नात गव्हापेक्षा दूधच जास्त दिसतंय. काही लहान मुलांत गायीच्या दुधातल्या प्रथिनामुळे बद्धकोष्ठता होते आणि दूध थांबवल्यावर जाते, हे चांगलं अभ्यासलेलं आहे. त्याआधी एक साधी गोष्ट: लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात जेवणाला जागाच उरत नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, दूध आपल्या मनाने पूर्ण तोडू नका. मोठ्यांत दूध न पचणं म्हणजे बहुधा गॅस आणि पातळ होणं. कुणाला दुधाने उलट घट्ट होतं असं वाटत असेल तर दोन आठवडे थांबवून पुन्हा सुरू करून पाहावं. पुन्हा सुरू केल्यावर त्रास परतला तरच तो दुधाचा.

खपलीबद्दल: खपली, बन्सी, लोकवन, शरबती, सगळ्यांत ग्लुटेन आहे. सीलिॲक असलेल्याला खपली चालत नाही. कितीही महाग असला तरी.

---

मागच्या_बाकावरचा | १५ जून, रात्री ११:५०

मीही वीस वर्षं हेच भोगलं. टीटीजी केली, नॉर्मल. एकूण आयजीएही नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी गुदद्वारात छोटा फुगा घालून, त्यात पाणी भरून 'हा बाहेर टाका' अशी परीक्षा घेतली. पाच मिनिटांत जमलं नाही. नळी घालून दाब मोजले तर कळलं की जोर लावताना मी खालचा स्नायू सैल करण्याऐवजी आवळतो. पडद्यावर दाब बघत सैल सोडायला शिकवलं, सहा बैठका. आता बरंच बरं आहे. लाजेपोटी वीस वर्षं कोणाला बोललो नव्हतो, म्हणून इथे लिहून टाकलं.

---

शिप्राकाठची | ३० जून, रात्री ९:००

रिपोर्ट आले. टीटीजी आयजीए ८६, लॅबची मर्यादा २०. एकूण आयजीए २१०, म्हणजे व्यवस्थित. इथल्या डॉक्टरांनी दुर्बीण टाकायला सांगितली आहे, १४ जुलैला.

एक घोळ घातलाय. रिपोर्ट हातात आला त्या दिवशी गणपतरावांचं आठवलं आणि घाबरून पोळी बंद केली. आठ दिवस झाले. पोट जास्तच बिघडलंय. आता?

---

पोटतिडीक | ३० जून, रात्री १०:१०

आजपासून पोळी पुन्हा सुरू करा. रोज दोन पोळ्या, दुर्बीण होईपर्यंत. आठ दिवसांनी फार काही बिघडत नाही, पण दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यांचा रिपोर्ट 'अर्धवट' यायला नको. महिनोन्महिने सोडलेल्यांना दिवसाला तीन ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे मध्यम आकाराची एक पोळी, निदान दोन आठवडे आणि सोसत असेल तर सहा ते आठ आठवडे खायला लावतो. तुम्हाला तेवढं नको.

दुर्बिणीच्या वेळी डॉक्टरांना विचारा की तुकडे किती घेणार. छोट्या आतड्याच्या दुसऱ्या भागातून चार आणि अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन हवेत. खराबी कधी कधी ठिगळासारखी असते. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका चांगल्या जागेचा आला तर फसगत होते.

---

गव्हाळ_गणपत | १ जुलै, सकाळी ६:५५

मी कुणाचं वाईट चिंतून लिहिलं नव्हतं. पण मग मला गहू सोडल्यावर बरं वाटलं ते काय खोटं? पॅनेलमध्येही गहू आला होता.

---

पोटतिडीक | १ जुलै, दुपारी ३:००

बरं वाटलं ते खरंच. कारण वेगळं असू शकतं. आषाढात गहू सोडला म्हणालात, तेव्हा चातुर्मास धरून कांदा-लसूणही सोडला होता का?

ते दोनशे पदार्थांचं पॅनेल आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतं. आपण जे नेहमी खातो त्याविरुद्ध आयजीजी बनतंच. लाल आलेली यादी म्हणजे तुमच्या स्वयंपाकघराची यादी. त्यावरून मूग सोडू नका हो.

---

गव्हाळ_गणपत | १ जुलै, रात्री ८:४०

कांदा-लसूण सोडला होता, हो. वांगंही. आणि तेव्हाच ज्वारीची भाकरी, संध्याकाळी फिरणं सुरू केलं.

---

पोटतिडीक | १ जुलै, रात्री ९:२५

मग गहू, कांदा, लसूण तिन्ही एकदम गेले. तिघांतही फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी असते, ती आपल्या आतड्यात पचत नाही आणि जंतू तिच्यावर गॅस करतात. गहू सोडून बरं वाटणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं ग्लुटेनपेक्षा या फ्रुक्टानचं असावं. किंवा तुमच्या बाबतीत भाकरी आणि फिरण्याचंच सगळं श्रेय असेल. सांगता येणार नाही, कारण पाचही गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या.

सीलिॲक नाही ना एवढंच जाणून घ्यायचं असेल आणि गहू परत खायचा नसेल तर जनुकांची तपासणी करा. डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळजवळ नाहीच. असली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, ती तिघा-चौघांत एकाला असतातच.

---

शिप्राकाठची | २४ जुलै, संध्याकाळी ७:१५

तुकड्यांचा रिपोर्ट: मार्श ३बी. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. आतड्याच्या घड्या कातरल्यासारख्या, मखमल झडून गेलेल्या शालूसारखं. सीलिॲक नक्की. लोह आता शिरेतून देणार आहेत, गोळ्या बंद.

सतरा वर्षं. आणि त्यातली चौदा वर्षं मी स्वतःच्या हाताने कणकेत कोंडा घालत होते.

---

वामकुक्षी | २४ जुलै, रात्री ८:००

ताई, चार चमचे करा म्हणणारा मीच. माफ करा.

---

शिप्राकाठची | २२ ऑगस्ट, सकाळी १०:३०

गहू बंद करून चार आठवडे. पोट पूर्वीपेक्षा वाईट! पाच दिवस होत नाही. सकाळी तांदळाच्या पिठाची धिरडी, दुपारी भात, संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी किंवा 'ग्लुटेन फ्री' बिस्किटं. हे चुकतंय का? की निदानच चुकलं?

---

लष्कराच्या_भाकऱ्या | २२ ऑगस्ट, दुपारी १२:१०

निदान नाही, ताट चुकलंय. आमचंही पहिल्या महिन्यात हेच. दिवसाला सहा पोळ्या खात होतीस ना? कोंड्यासकट दोनशे ग्रॅम कणीक धर, त्यातून वीस-बावीस ग्रॅम चोथा मिळत होता. तांदळात शंभर ग्रॅमला तीनसुद्धा नसतो. साबुदाणा तर निव्वळ पिठूळ गोळा, आणि ती बिस्किटं म्हणजे वेगळ्या नावाचा मैदा. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम चोथा असतो, कणकेइतकाच. भाकरीवर ये. मराठी घरात सीलिॲक होणं त्यामानाने सोपं, हे पंजाबात राहून कळलं. तिथे शेजारणींना ज्वारी दाखवावी लागायची.

पण पीठ गिरणीतून आणू नकोस. गिरणीवाला गव्हावर गहू दळून तुझी ज्वारी टाकतो. पहिला शेर-दीड शेर गहूमिश्रितच. मी दोन वर्षं हे केलं, लेकीचे आकडे उतरेनात. शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा जाऊ दिला नाही.

---

पोटतिडीक | २२ ऑगस्ट, रात्री ९:५०

बरोबर सांगितलंय. किती थोडं पुरतं त्याचा अंदाज देते: दिवसाला पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तर आतडं पुन्हा खराब होऊ लागलेलं दिसलं आहे. तुमच्या एका पोळीचा साठावा भाग. परातीत चिकटलेली कणीकही त्याहून जास्त असेल.

तीन गोष्टी मराठी घरात हमखास निसटतात. एक हिंग: डबीतला बांधणीचा हिंग गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मळलेला असतो, डबीवरचा मजकूर वाचा, तांदळाच्या पिठातला मिळतो तो घ्या. दुसरं मेतकूट, त्यात गहू असतो. तिसरी थालीपिठाची भाजणी, बहुतेक घरांत मूठभर गहू भाजून टाकतातच. सातूचं पीठही गेलं, मग ते गव्हाचं असो की जवाचं. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवाच्या, त्याही नकोत. इसबगोल चालतो.

आणि एक काम विसरू नका: सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. आतडं भरून आलं की तीच १५० ची गोळी जास्त शोषली जाईल.

---

शिप्राकाठची | ५ डिसेंबर, रात्री ९:१०

आनंदाची बातमी! महिनाभर रोज सकाळी पोट साफ, कधी दोनदाही. सतरा वर्षांत असं झालं नव्हतं. हिमोग्लोबिन १२.१. भाकरी थापायला शिकले, अजून नकाशे होतात. हिंग फेकला, वेगळा तवा, वेगळी परात. वजन मात्र दीड किलो उतरलं आणि रात्री छातीत धडधडतं. नवीन शक्ती आली म्हणायची!

---

पोटतिडीक | ५ डिसेंबर, रात्री ९:२८

टीएसएच केला का? उद्याच करा. आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका, डोसबद्दल सकाळीच तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

---

शिप्राकाठची | ८ डिसेंबर, दुपारी ४:००

विसरले होते. टीएसएच ०.०४. डॉक्टरांनी डोस १५० वरून १०० वर आणला, दीड महिन्याने पुन्हा बघणार.

---

पोटतिडीक | ८ डिसेंबर, रात्री १०:००

आतडं भरून येतंय याचा हा एक प्रकारे पुरावाच. तेच थायरॉक्सिन आता आत जातंय. पण अंगात ते जास्त झालं की आतडीही जोरात पळतात. त्यामुळे त्या 'रोज सकाळी' मधला वाटा कशाचा किती, ते डोस बसल्यावर कळेल.

---

शिप्राकाठची | २ फेब्रुवारी, रात्री ८:३५

कळलं. डोस आता ७५, टीएसएच २.८, धडधड गेली. टीटीजी ८६ वरून ३१. पोट एक दिवसाआड. खडा होत नाही, पण गेल्यावरही आत काहीतरी राहिल्यासारखं वाटतं आणि जोर लावावाच लागतो. पूर्वीच्या मानाने स्वर्ग, डिसेंबरच्या मानाने घसरगुंडी.

बहिणीला तपासायला लावलं. तिचा टीटीजी माझ्याहून जास्त, आणि तिला पोटाचा काडीचा त्रास नाही! दुर्बीण पुढच्या आठवड्यात.

---

मागच्या_बाकावरचा | २ फेब्रुवारी, रात्री ११:२०

राहिल्यासारखं वाटणं आणि मऊ असूनही जोर लावणं, हे माझंच वर्णन. सतरा वर्षं कुंथून कुंथून स्नायूंना उलटी सवय लागली असेल. फुग्याची तपासणी विचारून बघा.

---

पोटतिडीक | ३ फेब्रुवारी, दुपारी २:४०

विचारावीच. एका माणसात दोन कारणं असायला हरकत नसते. टीटीजी अजून मर्यादेच्या वर आहे, मोठ्यांत आतडं पूर्ण भरायला एक-दोन वर्षंही लागतात, त्यामुळे काही भाग अजून सुधारेल. पण मऊ असूनही बाहेर पडत नसेल तर त्यासाठी भाकरी वाढवून उपयोग नाही, कधी कधी चोथा वाढवल्याने उलट कोंडी होते. हाडांची घनता मोजून घ्या, ते राहिलंय.

बहिणीचं आश्चर्य नाही. सख्ख्या नात्यात शंभरात सात-आठ जणांना सापडतं, निम्म्यांना काही जाणवतही नाही. आई-वडील, भाऊ?

---

शिप्राकाठची | ३ फेब्रुवारी, रात्री ९:००

भाऊ नॉर्मल. वडील नाहीत. आई ७४ ची. कायम अशक्त, दोनदा नितंबाचं हाड मोडलेलं, पोट जन्मभर जड. रक्त द्यायला तयार नाही. म्हणते, समजा निघालंच तर या वयात मी पुरणपोळी सोडणार आहे का?

---

वामकुक्षी | ३ फेब्रुवारी, रात्री ९:२५

मातोश्रींशी मी पूर्ण सहमत आहे. पण दोनदा हाड मोडलंय म्हणता, तर एकदा रक्त द्या म्हणावं. पुरणपोळीचं होळीला बघता येईल.

---

शिप्राकाठची | ३ फेब्रुवारी, रात्री ९:५०

वाचून दाखवते तिला. लष्कराच्या भाकऱ्या, एक विचारायचं राहिलं: वापरलेली घरघंटी निम्म्या किमतीत मिळतेय, आतून स्वच्छ धुऊन दिली तर घेऊ का?

---

लष्कराच्या_भाकऱ्या | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

घेऊ नकोस. चाळणीच्या मागे आणि पात्यांच्या सांध्यात जे पीठ बसतं ते ब्रशनेही निघत नाही, आणि आत पाणी घालता येत नाही. नवी येईपर्यंत आजीचं जातं असेल तर टाकी लावून घे, पहिले दोन किलो तांदूळ दळून गुरांना घाल आणि मग ज्वारी घे.